सोशल मीडियावरील माझा फोटो आणि अभिप्राय काढून टाकण्याबाबत

पुणे, दि. ९ मार्च २०२६

प्रति,
मनुष्यबळ व्यवस्थापक,
मुख्य कार्यालय, बाणेर, पुणे
प्रत : मार्केटिंग विभागप्रमुख

महोदया,

सप्रेम नमस्कार.

जून २०२२ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात मी आपल्या कोथरूड केंद्रात प्रवेश समुपदेशक होते (कर्मचारी क्र. ३१८). संस्थेच्या इन्स्टाग्राम, फेसबुक आणि लिंक्डइन पानांवर निळ्या कुर्त्यातला माझा फोटो अजूनही आहे. त्याखाली माझ्या नावाने हे वाक्य आहे : "मी इथे काम करते, म्हणून खात्रीने सांगते, इथला कोर्स केलेलं मूल घरी बसत नाही." फोटो आणि वाक्य, दोन्ही काढून टाकावीत, ही विनंती.

हे मी २०२३ च्या दिवाळीत म्हटलं होतं, तेव्हा मनापासून म्हटलं होतं. आज मी तिथे काम करत नाही. आताच्या बॅचना कोण शिकवतं, नोकऱ्या कुठे लागतात, यातलं मला काहीच माहीत नाही. तरीही फेब्रुवारीत सात पालकांनी मला शोधून मेसेज केले. एका आईने ४५,००० रुपयांच्या पावतीचा फोटो पाठवून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे बघून पैसे भरले, आता बॅच कधी सुरू होणार?" त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. माझा चेहरा बघून कुणी फी भरावी, हे मला मुळीच मान्य नाही.

काम सोपं व्हावं म्हणून ठिकाणं देते. प्रत्येकाची लिंक आणि ७ मार्चचा स्क्रीनशॉट ईमेलला जोडला आहे.

इन्स्टाग्रामवर पाच फोटोंच्या पोस्टमध्ये माझा तिसरा आहे. पूर्ण पोस्ट काढायची गरज नाही. एडिटमध्ये जाऊन तेवढाच फोटो काढता येतो. 'टीम' या हायलाइटमध्येही तो आहे आणि पोस्टमधून काढला तरी तिथून आपोआप जात नाही. वर पिन केलेल्या रीलमध्ये ०:१२ ते ०:१९ या सात सेकंदांत मी बोलते आहे. प्रकाशित रीलमधून तेवढाच भाग कापता येत नसेल, तर ती काढून नव्याने टाकावी लागेल. फेसबुकवरची प्रत वेगळी काढा, कारण इन्स्टाग्रामवरची पोस्ट गेली तरी ती तिथे राहते. लिंक्डइनवर एकच पोस्ट आहे. नाशिक केंद्राने मात्र तोच फोटो शेअर न करता स्वतंत्र अपलोड केला आहे, त्यामुळे मूळ पोस्ट हटवून तो जाणार नाही. त्यांना वेगळं कळवावं लागेल.

सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे जाहिरात. माझा फोटो असलेली सशुल्क जाहिरात मेटाच्या Ad Library मध्ये ७ मार्चलाही सुरू दिसत होती. ती पानावर पोस्ट म्हणून दिसत नाही, त्यामुळे पानावरचं सगळं हटवलं तरी चालूच राहील. ती Ads Manager मधूनच बंद करावी लागेल. पुढच्या तारखांना लावून ठेवलेल्या पोस्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात ते माहितीपत्रकही कृपया तपासा.

Archive करून भागणार नाही. त्याने पोस्ट फक्त लपते आणि पुढे कुणीही ती परत आणू शकतं. हटवलेली पोस्ट इन्स्टाग्रामवर Recently Deleted मध्ये ३० दिवसांपर्यंत राहते, तिथूनही काढावी. माझा टॅग मी स्वतः काढला आहे, पण त्याने फोटो जात नाही. १५ ऑगस्टच्या सामूहिक फोटोंना माझी हरकत नाही, ते राहू द्या.

रुजू होताना मी प्रसिद्धीच्या संमतिपत्रावर सही केली होती. त्यात मुदत लिहिलेली नाही. ती संमती मी या पत्राने मागे घेत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती मागे घेण्याचा हक्क दिला आहे. त्यातली ही कलमं अजून अमलात यायची आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून केवळ त्यांच्यावर बोट ठेवत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र आजच लागू आहेत. जाहिरातीतली शिफारस ती करणाऱ्याचं खरं आणि सध्याचं मत असावी, असं त्यांत म्हटलं आहे. माझी शिफारस आता तशी नाही.

जाहिरात ११ मार्चपर्यंत बंद व्हावी आणि बाकी सर्व १६ मार्चपर्यंत काढलं जावं. त्यानंतर कुठून काय काढलं, ते ठिकाणवार ईमेलने कळवावं. एखादी लिंक उघडत नसेल तर त्याच ईमेलवर विचारा, मी त्याच दिवशी उत्तर देईन.

आपली,
मेघना शिरोडकर
माजी प्रवेश समुपदेशक, कोथरूड केंद्र

सोबत : लिंकची यादी आणि नऊ स्क्रीनशॉट