पुरात खराब झालेल्या दहावीच्या गुणपत्रकाची दुय्यम प्रत मिळणेबाबत

दिनांक : ९ ऑगस्ट २०२१

प्रति,
मा. विभागीय सचिव,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
कोल्हापूर विभागीय मंडळ, कोल्हापूर

विषय : मार्च २००९ च्या दहावी परीक्षेच्या गुणपत्रकाची दुय्यम प्रत मिळणेबाबत.
बैठक क्रमांक : के ०५८२१४

महोदय,

मी सौ. सुजाता संदेश शिर्के, राहणार पेठमाप, चिपळूण, जि. रत्नागिरी. दहावीची परीक्षा मी माहेरच्या नावाने, म्हणजे सुजाता महादेव घाग या नावाने दिली होती. त्या वर्षी आमचा जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळाकडे होता, कोकण मंडळ नंतर झाले. म्हणून अर्ज आपल्याकडे करीत आहे.

२२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले. सासूबाईंना आणि दोन्ही मुलांना माळ्यावर चढवण्यातच वेळ गेला. कागदपत्रांची पिशवी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होती, तिची आठवण झाली तेव्हा कपाट पाण्याखाली गेले होते. चौथ्या दिवशी खण उघडला, तर आत चिखलच. गुणपत्रक लॅमिनेट केलेले होते, पण कडेने पाणी आत जाऊन कागदाचा लगदा झाला आहे. वरच्या कोपऱ्यात बैठक क्रमांक तेवढा वाचता येतो. तो तुकडा वाळवून प्लास्टिकच्या पाकिटात सोबत जोडला आहे. विषयवार गुण एकही दिसत नाहीत. एकूण ४४५ गुण होते, एवढे मला पक्के आठवते.

दहावीचे प्रमाणपत्र माहेरी असल्याने वाचले. त्याची साक्षांकित प्रत जोडते, म्हणजे नोंद शोधायला सोपे जाईल. विवाह नोंदणीचा दाखलाही त्याच पिशवीत गेला. त्यामुळे नावातील बदलासाठी तूर्त राजपत्राची प्रत देत आहे, लग्नानंतर नाव बदलल्याची ती नोंद मला माहेरी सापडली.

एका पतसंस्थेत लिपिक पदासाठी माझी निवड झाली असून, मूळ कागदपत्रांची तपासणी २७ ऑगस्टला आहे. तिथे प्रमाणपत्र चालत नाही, गुणपत्रकच हवे म्हणतात. तेव्हा दुय्यम प्रत त्याआधी मिळावी, ही विनंती. दुय्यम प्रतीचे नियमाप्रमाणे होणारे शुल्क भरण्यास मी तयार आहे. पूरग्रस्तांसाठी त्यात सवलत असल्यास ती मिळावी. प्रत टपालाने वेळेत पोहोचणार नसेल, तर ती न्यायला माझे पती कोल्हापूरला येतील. त्यांच्या नावे अधिकारपत्र जोडले आहे.

मूळ गुणपत्रक मी कोठेही गहाण ठेवलेले किंवा कोणाला दिलेले नाही, असे प्रतिज्ञापत्रात नमूद केले आहे.

आपली विश्वासू,
सौ. सुजाता संदेश शिर्के
पेठमाप, चिपळूण ४१५६०५

सोबत : तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत, पोलीस ठाण्यातील नोंदीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र, शाळा सोडल्याचा दाखला (शाळेतून नव्याने घेतलेला), दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत, राजपत्राची प्रत, आधार कार्डाची प्रत, अधिकारपत्र आणि खराब झालेल्या गुणपत्रकाचा तुकडा.