शास्त्रीय व्यवस्थापन आणि प्रशासकीय तत्त्वे: टेलर व फेयॉल यांची तुलना

फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) आणि हेन्री फेयॉल (१८४१–१९२५) हे दोघेही अभियंते होते आणि त्यांची उमेदीची वर्षे कारखान्यात किंवा खाणीत गेली. गाइडमध्ये त्यांच्यातला फरक एका ओळीत दिलेला असतो: टेलर खालून वर गेले, फेयॉल वरून खाली आले. ही ओळ बरोबर आहे, पण तिच्यावर थांबलो तर दोघे एकाच गोष्टीचे दोन अर्धे भाग आहेत असे वाटू लागते. प्रत्यक्षात बहुतेक मुद्द्यांवर दोघे एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत, कारण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. एका मुद्द्यावर मात्र ते थेट भिडतात: कामगाराने किती जणांचे ऐकायचे? या निबंधात त्याच मुद्द्याला जास्त जागा दिली आहे.

टेलर १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या मिडवेल स्टील कंपनीत लागले. कामगार जाणूनबुजून हात राखून काम करतात, हे त्यांनी तिथे पाहिले. त्याचे कारण त्यांनी आळसापेक्षा पद्धतीत शोधले. जास्त माल काढला की मालक पीस-रेट कमी करतो, हे कामगाराला पक्के ठाऊक होते. दुसरीकडे एका कामाला खरोखर किती वेळ लागतो, हे मालकालाही माहीत नव्हते. सगळा कारभार ठोकताळ्यांवर चालला होता. टेलरनी कामाचे तुकडे पाडले, स्टॉपवॉच लावले आणि प्रत्येक हालचालीचा वेळ मोजला. बेथलेहेम स्टीलमध्ये कच्च्या लोखंडाच्या सुमारे ४२ किलोच्या लगडी वॅगनमध्ये चढवण्याचे काम त्यांनी याच पद्धतीने अभ्यासले. कधी उचलायचे आणि कधी थांबून दम घ्यायचा, हे माणसाला ठरवून दिले. टेलर यांच्याच हिशोबाप्रमाणे रोजचे काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेले, आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर. म्हणजे उत्पादन जवळजवळ चौपट झाले, तर मजुरी साधारण साठ टक्क्यांनी वाढली. टेलरवरची टीका याच दोन आकड्यांमधल्या अंतरातून उभी राहते.

१९११ च्या पुस्तकात त्यांनी मांडलेली तत्त्वे थोडक्यात अशी: ठोकताळ्याच्या जागी शास्त्र, शास्त्रीय निवड व प्रशिक्षण, मालक-कामगार सहकार्य आणि जबाबदारीची विभागणी. शेवटच्या तत्त्वाचा अर्थ असा की विचार नियोजन विभागाने करायचा आणि अंमल कामगाराने. मालक आणि कामगार दोघांनीही एकमेकांकडे पाहण्याची दृष्टी बदलावी, हा टेलर यांचा ‘मानसिक क्रांती’चा आग्रह प्रामाणिक असेलही. पण त्याच वर्षी वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉचवरूनच संप झाला आणि अमेरिकी काँग्रेसने या पद्धतीची चौकशी केली.

फेयॉल यांचे प्रश्न निराळ्या ठिकाणी उभे राहिले. ते वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फ्रान्समधल्या एका खाण कंपनीत लागले. तरुण अभियंता असताना एकदा खाणीत एका घोड्याचा पाय मोडला. त्यांनी बदली घोड्याचा आदेश लिहून दिला. तबेलेवाल्याने तो घेतला नाही, कारण त्यावर संचालकांची सही नव्हती. संचालक बाहेर होते आणि त्यांच्या जागी कोणाला नेमलेले नव्हते. घोडा मिळाला नाही आणि त्या पातळीवरचे काम बुडाले. इथे स्टॉपवॉचचा काहीच उपयोग नव्हता. तबेलेवाल्याने नियम पाळला होता; अधिकार आणि जबाबदारी यांची सांगड मात्र वरच तुटलेली होती. पुढे १८८८ मध्ये हीच कंपनी डबघाईला आलेली असताना तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांनी तीस वर्षे ती सांभाळली आणि सावरली.

तो अनुभव त्यांनी १९१६ मध्ये मांडला. उद्योगातल्या कामांचे त्यांनी सहा गट पाडले: तांत्रिक, व्यापारी, वित्तीय, सुरक्षा, लेखा आणि व्यवस्थापकीय. व्यवस्थापनाची पाच कार्ये सांगितली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. त्यांची चौदा तत्त्वे पाठ करण्याच्या यादीत गेली आहेत, त्यामुळे ती सगळी इथे देत नाही. तुलनेसाठी अधिकार व जबाबदारी, आदेशाची एकता म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाचा हुकूम, आणि पदसाखळी म्हणजे वरपासून खालपर्यंतची अधिकाराची रांग, एवढी पुरेत. फेयॉल यांच्या मते जसजसे वर जावे तसतशी तांत्रिक कौशल्याची गरज कमी होते आणि व्यवस्थापकीय कौशल्याची वाढते. म्हणूनच व्यवस्थापन शिकवता येते आणि शिकवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

यातून काही फरक आपोआप दिसतात. टेलर यांचे एकक एक काम आहे, फेयॉल यांचे संपूर्ण संस्था. टेलर प्रयोग करून मोजतात. फेयॉल यांचा आधार दीर्घ अनुभव आणि निरीक्षण हा आहे. टेलरना प्रत्येक कामाची एकच सर्वोत्तम पद्धत हवी असते. फेयॉल मात्र तत्त्वे लवचीक आहेत, प्रसंग पाहून वापरावीत, असे सांगतात. फेयॉल रुग्णालयाला किंवा नगरपालिकेलाही लागू पडतात. टेलर मुख्यतः जिथे तेच काम पुन्हा पुन्हा होते तिथे.

आता संघर्षाचा मुद्दा. टेलरना वाटे की एका मुकादमात सगळे गुण सापडणार नाहीत. म्हणून त्यांनी एका मुकादमाचे काम आठ जणांत वाटले, चार नियोजनात आणि चार प्रत्यक्ष कामावर. वेग एकाने पाहायचा, दुरुस्ती दुसऱ्याने, तपासणी तिसऱ्याने, आणि प्रत्येकाचा आदेश आपापल्या क्षेत्रात चालायचा. हीच कार्यात्मक मुकादमी. फेयॉलनी यावर स्पष्ट आक्षेप घेतला. त्यांच्या मते यात आदेशाच्या एकतेला हरताळ फासला जातो. तज्ज्ञांची मदत हवीच, पण हुकूम एकाचाच.

मी दिवसा भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये उत्पादन नियोजनाचे काम करतो. तिथे हा वाद पुस्तकी राहत नाही. सीएनसीवर शाफ्ट चालू असतो, प्रत्येक नगाचा सायकल टाइम ठरलेला असतो आणि इन्सेन्टिव्ह नगांवर मिळतो, म्हणजे सगळे टेलर यांच्या वळणाचे. क्वालिटीवाला येऊन ट्रॉलीला लाल टॅग लावतो आणि मशीन थांबवायला सांगतो. शिफ्ट सुपरवायझर म्हणतो, ‘‘चालू ठेव रे, डिस्पॅच संध्याकाळी आहे.’’ ऑपरेटर दोघांकडे बघून विचारतो, ‘‘साहेब, नक्की कुणाचं ऐकायचं?’’ इन्सेन्टिव्ह बुडू नये म्हणून तो बहुधा सुपरवायझरचेच ऐकतो. म्हणजे दोन हुकमांतला निवाडा पगाराची पद्धतच करून टाकते. टेलर यांच्या विभेदक दर पद्धतीत ठरलेले काम झाले तर नगाला जास्त दर आणि कमी पडले तर कमी दर मिळतो. अशी पद्धत आणि अनेक मुकादम एकत्र आले की ज्याचे ऐकून नग वाढतात, त्याचाच आदेश जड होतो.

फेयॉल यांचे उत्तरही विनामूल्य नाही. क्वालिटीवाल्याने प्रत्येक वेळी साखळीने वर जायचे ठरवले, तर मॅनेजरपर्यंत बातमी पोहोचेपर्यंत खराब शाफ्टची आणखी एक ट्रॉली भरते. फेयॉलना ही अडचण दिसत होती. म्हणून त्यांनी दोन विभागांतल्या समपदस्थांना परस्पर बोलून निर्णय घेण्याची मुभा दिली. तिला ते साकव म्हणतात. अट एकच: दोघांच्या वरिष्ठांची संमती असावी आणि काय ठरले ते त्यांना कळवावे. आमच्या शॉपमध्ये हाच मार्ग लागू पडेल असे मला वाटते. मशीन थांबवायचे की नाही, ते क्वालिटीवाला आणि सुपरवायझर यांनी आधी आपसात ठरवायचे आणि ऑपरेटरला आदेश फक्त सुपरवायझरने द्यायचा. थांबलेल्या वेळेचे इन्सेन्टिव्ह कापायचे नाही, हे मात्र मालकाने लेखी द्यावे लागेल.