बोगद्यानंतर

लेकीने मांडवीचं तिकीट काढताना ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मिळवून दिला होता. एस-४, सतरा नंबर. मालतीबाईंनी ते आधारकार्डासोबत पर्सच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. एरवी तिकीट वसंतरावांच्या शर्टाच्या खिशात असायचं. ते गेल्यापासून पावसच्या बहिणीकडे जाणंच झालं नव्हतं.

ठाण्याला गाडी फार वेळ थांबत नाही. इंडिकेटरवर एस-४ बघून त्या उभ्या राहिल्या. ऐनवेळी डबे उलट्या क्रमाने लागल्याची घोषणा झाली नि सगळा फलाट पळत सुटला. त्या जवळच्या एस-७मध्ये चढल्या आणि आतूनच डबे ओलांडत गेल्या. हे मात्र वसंतरावांनी पुन्हा पुन्हा बजावलेलं : आधी गाडीत चढायचं, डबा मग शोधायचा.

सतरा नंबरच्या खिडकीत एक मुलगा कानात इयरफोन घालून बसला होता. अशा वेळी बोलायचं काम वसंतरावांचं.

"बाळा, सतरा माझा. खिडकीकडे मी बसते."

"काकू, माझा मधला आहे. बसा ना," म्हणत तो सरकला.

बॅगेला साखळी लावायला त्या वाकल्या. सीटखालची कडी हाताला लागेना. ती मागे, भिंतीच्या बाजूला असते. मुलाने मोबाईलचा उजेड धरला. कुलूप लागलं. किल्ली त्यांनी मंगळसूत्र काढल्यापासून गळ्यात असलेल्या साध्या चेनमध्ये अडकवली. पर्समध्ये टाकली की आयत्या वेळी सापडत नाही.

टीसीने नाव विचारलं, आधार बघितलं आणि यादीवर खूण केली. एवढंच! या एका क्षणासाठी त्या काल रात्रभर जाग्या होत्या.

चिपळूण गेलं. संगमेश्वर आलं. वसंतराव इथूनच सामान दाराशी नेऊन उभे राहायचे आणि त्यांनाही उभं करायचे. गुडघे दुखायचे, पण त्या कधी बोलल्या नाहीत. आज त्यांनी कुलूप काढलं, साखळी गुंडाळून पिशवीत टाकली, बॅग पुढे ओढली आणि बसून राहिल्या. कटलेट घेतलं, सावकाश खाल्लं.

उक्षी मागे पडलं आणि करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा. कानात दडे बसले. मुलाने विचारलं, "काकू, रत्नागिरी ना? उठायचं नाही?"

"अजून भोके जायचंय. मग उठू."

भोके गेल्यावर त्या उठल्या. मुलाने बॅग दारापर्यंत आणून दिली. रत्नागिरीला गाडी चांगली थांबते; उतरून, बॅगेचे बंद तपासूनही ती उभीच होती.

बाहेर भाचा गाडी घेऊन येणार होता. त्यांनी त्याला फोन लावला.

"अरे, येऊ नकोस. रिक्षाने स्टँडवर जाते, तिथून पावसची एसटी पकडते. बायकांना अर्धं तिकीट आहे. आणि ताईला सांग, जेवायला थांबू नका."