'खिडकी क्रमांक ४' : वेब मालिकेचा फॉरमॅट, पहिला सीझन (खर्डा तिसरा)

रेल्वे स्थानकावरचं हरवलेल्या सामानाचं कार्यालय. प्रत्येक भागात एक वस्तू, आणि ती न्यायला आलेल्या माणसाच्या सांगण्यातलं निम्मं खोटं.

लांबी. ६ भाग, प्रत्येकी ९ ते ११ मिनिटं. मागच्या खर्ड्यात २२ मिनिटं धरली होती. वाचनाला बसलो तेव्हा दर भागात दुसरी वस्तू कोंबावी लागली आणि पहिलीतला जीव गेला. पटकथेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, त्यामुळे बारावं पान लागलं की कात्री. शीर्षकाआधी ४० सेकंद: काउंटरवर वस्तू आणि नोंदवहीत तिचं वर्णन लिहिणारा हात. संवाद नाही, फोनवर आवाज बंद ठेवून बघणाराही इथे अडकला पाहिजे.

नियम. कॅमेरा खिडकीच्या आतच. फलाट फक्त ऐकू येतो. (पैसे वाचतात हे आहेच, पण पैसे असते तरी मी हेच केलं असतं.)

कायमची पात्रं.
वसंतराव, ५९. निवृत्तीला सहा महिने. सही घेण्याआधी प्रत्येकाला विचारतात, "आत काय होतं?" आवाज कधीच चढत नाही.
रेवा, २४. जुन्या नोंदी संगणकावर चढवायला आलेली. वसंतरावांना 'सर' म्हणते. पाचव्या भागात 'काका' म्हणते, त्याआधी चुकूनही नाही.
टोपीवाला. रोज येतो, "माझं आलं का?" एवढंच विचारतो. दर भागात अर्धा मिनिट. नाव शेवटपर्यंत नाही.

सीझन.
१. एकाच कानाचं श्रवणयंत्र. सून न्यायला येते. सासऱ्यांनी ते मुद्दाम सोडलेलं असतं.
२. व्हायोलिनची रिकामी पेटी.
३. चाव्यांचा जुडगा, दावेदार दोन. हा भाग हलका ठेवायचा.
४. रेवाचीच बॅग हरवते. ती खिडकीबाहेर उभी राहते आणि वसंतराव तिलाही तोच प्रश्न विचारतात. ती लॅपटॉप, चार्जर, डबा असं सांगत जाते, मग थांबते. बॅगेत तिचा न दिलेला राजीनामा आहे. सीझन इथे वळतो, म्हणून हा भाग पुरती ११ मिनिटं घेईल.
५. नोंदी चढवताना रेवाला नऊ वर्षांपूर्वीचं फाडलेलं पान सापडतं. त्या दिवशी आलेलं एक पाकीट वसंतरावांनी नोंदवलंच नाही. उघडून वाचलं आणि स्वतःच्या कपाटात ठेवलं.
६. टोपीवाला येतो. या वेळी प्रश्न रेवा विचारते. तो पत्र तोंडपाठ म्हणून दाखवतो. वसंतराव कपाटाची किल्ली काढतात. काळा पडदा.

चित्रीकरण. साधारण ६० पानं, ८ दिवस. टोपीवाल्याचे पहिल्या पाच भागांतले तुकडे एकाच दिवशी उरकू, फक्त शर्ट बदलायचे. सहावा भाग सगळ्यात शेवटी. नोंदवह्या हुबेहूब तीन लागतील: एक पूर्ण, एक फाडलेली, एक फाडण्याच्या रीटेकसाठी.