निसर्ग मंडळाच्या संकेतस्थळासाठी परवानगी व निधी मिळणेबाबत

दिनांक : ७ जुलै २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय,
चिपळूण, जि. रत्नागिरी

मार्फत : प्रभारी प्राध्यापक, निसर्ग मंडळ

विषय : निसर्ग मंडळाचे संकेतस्थळ सुरू करण्यास परवानगी व त्यासाठी रु. १४,००० इतका निधी मंजूर होणेबाबत.

संदर्भ : मंडळाच्या कार्यकारिणीची दि. ३० जून २०२५ रोजीची सभा, ठराव क्र. ३

महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या निसर्ग मंडळाकडे २००६ पासूनच्या नोंदवह्या आहेत. दर शनिवारी सकाळच्या फेरीत आवारात आणि वाशिष्ठीच्या काठाला काय दिसले, हे त्यांत त्या त्या वर्षीच्या मुलामुलींनी लिहून ठेवले आहे. एकूण अकरा वह्या होत्या. वनस्पतिशास्त्र विभागाच्या तळमजल्यावरच्या कपाटात, खालच्या कप्प्यात त्या असायच्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांतल्या दोन गेल्या आणि तीन भिजल्या. भिजलेल्या वह्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी पानापानात वर्तमानपत्र घालून पंख्याखाली वाळवल्या. बॉलपेनने लिहिलेला मजकूर टिकला, शाईपेनचा पसरला. २०११-१२ च्या वहीत आज काही पानांवर तारीख वाचता येते, पण पुढचा पक्षी कोणता ते कळत नाही. दर पावसाळ्यात या पानांना नव्याने बुरशी येते. मागच्या आठवड्यात वही उघडली तेव्हा दोन पाने एकमेकांना चिकटलेली होती. ती सोडवायचा प्रयत्न आम्ही केला नाही.

या नोंदी जपून कशाला ठेवायच्या, असा प्रश्न कार्यकारिणीतही निघाला. त्याचे उत्तर वहीतच सापडले. नवरंग पक्षी पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो. त्याची पहिली शीळ कधी ऐकू आली, हे जवळजवळ प्रत्येक वर्षी कुणी ना कुणी लिहिले आहे : एका वर्षी २९ मे, एका वर्षी ६ जून, एकदा तर ‘परीक्षेच्या पेपराला जाताना, ग्रंथालयामागे’. एकट्या वर्षाची नोंद म्हणजे गंमत आहे. पण सगळी वर्षे एकाखाली एक मांडली, तर ती आपल्या गावच्या पावसाळ्याचीच नोंद होते. तशी मांडणी आजवर कुणी केलेली नाही, कारण सगळ्या वह्या एका वेळी एका टेबलावर कधी आल्याच नाहीत.

म्हणून मंडळाचे स्वतःचे साधे संकेतस्थळ करावे, असा ठराव सभेत एकमताने झाला. त्यावर तीन गोष्टी असतील : जुन्या वह्यांची स्कॅन केलेली पाने व त्यांतून काढलेली वर्षवार यादी, आवारातील ६० झाडांची माहिती, आणि चालू वर्षाचे कार्यक्रम व फेऱ्यांचे अहवाल. दर फेब्रुवारीत देशभरातील महाविद्यालयांच्या आवारांत पक्षीगणना होते. तिच्यात आपण भाग घेतो, पण त्यानंतर आपली यादी कुठेच दिसत नाही. तीही इथे राहील. मूल्यांकनाच्या वेळी उपक्रमांचे पुरावे मागितले जातात, तेव्हा फोटो शोधत माजी सचिवांना फोन करत बसण्याची वेळही येणार नाही.

इन्स्टाग्रामवर खाते आहेच, मग हे वेगळे कशाला, असे आपण विचारालच. ते खाते आम्ही चालू ठेवणार आहोत, कारण नवे सदस्य तिथूनच येतात. पण तिथे टाकलेली नोंद चार दिवसांनी खाली जाते आणि पुढच्या वर्षी शोधूनही मिळत नाही. शिवाय आमचा जुना अनुभव आहे. २०१४ मध्ये एका तत्कालीन सचिवांनी मंडळाचा मोफत ब्लॉग काढला होता आणि त्यावर दोन वर्षे छान लिहिलेही होते. पासवर्ड मात्र त्यांच्या खासगी ई-मेलवर होता आणि पडताळणीचा मोबाईल क्रमांक नंतर बदलला. आज त्यांनाही तो उघडत नाही. दोष त्यांचा नाही. सचिव दरवर्षी बदलतो आणि व्यवस्था मात्र त्याच्या नावावर राहते, ही आपली सवयच चुकीची आहे.

यावेळी ती चूक होऊ नये म्हणून आपणांकडून पैशांइतकीच दोन बिनपैशाची कामे हवी आहेत. एक, मंडळाच्या नावाने महाविद्यालयाचा अधिकृत ई-मेल पत्ता. सगळी खाती त्याच पत्त्यावर काढू. प्रवेश प्रभारी प्राध्यापक आणि सचिव या दोघांकडे राहील, आणि खाते परत मिळवण्याचे संकेतांक बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात ठेवू. दोन, महाविद्यालयाच्या सध्याच्या संकेतस्थळाच्या पत्त्याखालीच nisarg हा उपसर्ग असलेला उपपत्ता. आपले संकेतस्थळ सांभाळणाऱ्या संस्थेला त्यासाठी एकच CNAME नोंद करावी लागते. कार्यालयाचे पत्र गेले की ते काम होईल, असे त्यांनी फोनवर सांगितले आहे.

वेगळे नाव विकत घ्यावे असे काही सदस्यांचे मत होते. मी त्याला विरोध केला. असे नाव दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावे लागते. एका वर्षी सचिव विसरला की ते नाव दुसऱ्याच्या हाती जाते, आणि मग आपल्या मंडळाच्या पत्त्यावर कुणाच्या तरी जुगाराची जाहिरात दिसू लागते. त्यात आपण तो पत्ता झाडांवरच्या पाट्यांवर छापणार आहोत. कागदावरचा पत्ता बदलता येतो, साठ पाट्या पुन्हा करून घेता येत नाहीत. उपपत्ता महाविद्यालयाचाच असला की पाने उद्या दुसरीकडे हलवली तरी पाटीवरचा क्यूआर कोड चालू राहील.

खर्चासंबंधी : आम्ही दोन व्यावसायिकांकडून माहिती घेतली. संकेतस्थळ बनवून देण्याचे एकाने रु. ४५,००० आणि दुसऱ्याने रु. ६२,००० सांगितले, शिवाय वार्षिक देखभाल वेगळी. आपल्या गरजेला ते फार होते. आपली पाने साधी आहेत, त्यांत लॉगिन नाही की पैशांचा व्यवहार नाही. अशी पाने विद्यार्थी स्वतः तयार करू शकतात आणि GitHub Pages सारख्या सेवेवर ती विनाशुल्क ठेवता येतात. संगणकशास्त्राच्या द्वितीय वर्षाच्या दोन सदस्यांनी नमुना तयार केला आहे. तो आपल्या मोबाईलवर दाखवायला आम्ही कधीही येऊ. म्हणून आमचा खर्च संकेतस्थळावर कमी आणि त्यात जे घालायचे त्यावर जास्त आहे :

१. नोंदवह्यांचे स्कॅनिंग, १,९०० पृष्ठे, प्रति पृष्ठ रु. ३ : रु. ५,७००
२. मूळ प्रतींच्या साठवणीसाठी बाह्य हार्ड डिस्क, एक : रु. ५,४००
३. झाडांवरील क्यूआर पाट्या, ६० नग, प्रत्येकी रु. ९० : रु. ५,४००
४. माजी विद्यार्थ्याची दोन दिवसांची कार्यशाळा, प्रवास व मानधन : रु. २,०००
एकूण : रु. १८,५००

यांपैकी रु. ४,५०० मंडळाच्या शिल्लक वर्गणीतून घालू. उरलेले रु. १४,००० विद्यार्थी उपक्रम निधीतून मिळावेत, ही विनंती. पहिल्या तीन बाबींची प्रत्येकी तीन दरपत्रके जोडली आहेत, दरांत जीएसटी धरलेला आहे.

स्कॅनिंग मोबाईलवर फुकट होते, हे खरे. आम्ही करून पाहिले. बांधणीकडची अक्षरे वाकडी येतात आणि पेन्सिलच्या नोंदी उमटतच नाहीत. दुकानातले कागद ओढून घेणारे यंत्र भिजलेल्या पानांना चालणार नाही. म्हणून काचेवर एकेक पान ठेवून काम करणाऱ्याचा दर घेतला आहे. काम चालू असताना एक सदस्य तिथे बसेल आणि रोज संध्याकाळी वह्या ग्रंथालयात परत येतील. त्या पुन्हा तळमजल्यावर ठेवायच्या नाहीत, एवढी आमची वेगळी विनंती आहे. ग्रंथपालांनी पहिल्या मजल्यावर जागा द्यायचे तोंडी मान्य केले आहे.

पाट्या खिळे ठोकून लावणार नाही. तार आवळली तर खोड वाढल्यावर ती सालीत रुतते, म्हणून पाटी स्प्रिंगने बांधायची. प्रवेशद्वाराजवळच्या सातविणीला पूर्वी कुणीतरी बांधलेली तार आज अर्धी खोडात गेली आहे, ती आपण येता-जाता पाहू शकाल.

सर्वच निधी यंदा देणे शक्य नसेल, तर पाट्या पुढच्या वर्षावर टाकाव्यात. मग आमची मागणी रु. ८,६०० वर येते. स्कॅनिंग मात्र पुढे ढकलू नये. झाडे पुढच्या वर्षीही तिथेच असतील, पानांची खात्री देता येत नाही.

मजकुराबाबत आम्ही काही बंधने स्वतःवर घातली आहेत. प्रभारी प्राध्यापकांनी पाहिल्याशिवाय कोणतेही पान प्रसिद्ध होणार नाही. विद्यार्थ्यांचे फोन क्रमांक कुठेही येणार नाहीत आणि छायाचित्र त्यांच्या लेखी संमतीनेच येईल. कनिष्ठ महाविद्यालयातील सदस्य अठरा वर्षांखालील असल्याने त्यांच्यासाठी पालकांची सही घेऊ. जुन्या वह्यांत धनेशाच्या ढोलींची ठिकाणे पत्त्यासह लिहिली आहेत. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते, अशा वेळी फोटोसाठी माणसांची गर्दी झाली तर ते घरटेच धोक्यात येते. ती पाने स्कॅन होतील पण संकेतस्थळावर जाणार नाहीत, फक्त हार्ड डिस्कवर राहतील.

सर्व मजकूर युनिकोड मराठीत टंकलिखित करू, म्हणजे तो शोधता येईल. छायाचित्रे लहान आकारात देऊ, कारण आपले बहुतेक विद्यार्थी मोबाईल डेटावरच बघतात आणि खेड, गुहागरकडून येणाऱ्यांना एसटीत रेंजही धड नसते.

मंजुरी मिळाल्यास गणपतीच्या सुट्टीनंतर, ८ सप्टेंबरपासून स्कॅनिंग सुरू करू. दिवाळीपूर्वी कार्यशाळा घेऊ आणि फेब्रुवारीतील पक्षीगणनेआधी संकेतस्थळ खुले करू. खर्चाचा हिशोब पावत्यांसह ३१ मार्चपूर्वी कार्यालयात सादर करीन. माझे हे शेवटचे वर्ष आहे, त्यामुळे द्वितीय वर्षाचे दोन आणि प्रथम वर्षाचा एक सदस्य सुरुवातीपासून कामात घेतले आहेत.

आपण वेळ दिल्यास मी व प्रभारी प्राध्यापक २०११-१२ ची वही घेऊन भेटायला येऊ.

कळावे,

आपली विश्वासू,

सायली महाडिक
तृतीय वर्ष विज्ञान (वनस्पतिशास्त्र)
सचिव, निसर्ग मंडळ

सोबत :
१. सभेच्या ठरावाची प्रत
२. दरपत्रके, एकूण नऊ
३. नोंदवह्यांची वर्षवार यादी व भिजलेल्या पानांची छायाचित्रे
४. उपपत्त्यासाठी संबंधित संस्थेला द्यावयाच्या पत्राचा मसुदा