आतून कडी
सायबर जागरूकता सप्ताह: परिपाठात म्हणायच्या आणि भिंतीवर लावायच्या ओळी

इयत्ता आठवी ते दहावी. ओळी नववीच्या गटाने जुळवल्या आहेत. पाठ करायची सक्ती नाही, पण म्हणताना ठेका धरा. पुटपुटल्या तर मजा जाते.

सोमवार: पासवर्ड मागणारे आपलेच

सुरुवात अनोळखी माणसांपासून करणार होतो. मग वर्गात हात वर करायला सांगितले: "तुझा पासवर्ड अजून कुणाला माहीत आहे?" बरेच हात वर गेले. त्यात एकही अनोळखी माणूस नव्हता, सगळे जिवलगच. म्हणून आधी हे:

पेन घे, वही घे, घे माझी सायकल;
पासवर्ड मागू नको, एवढी ठेव अक्कल.

आज आपली गट्टी, उद्या आपली कट्टी;
अकाउंट तिच्या हाती, तुझी झाली सुट्टी!

"विश्वास नाही का गं माझ्यावर?" म्हणत जो पासवर्ड मागतो,
विश्वास त्याचाच नाही तुझ्यावर, म्हणून पाळत ठेवू लागतो.

(तिसरी जोडी मुलींनीच म्हणायची असं नाही. मुलांनाही असंच विचारलं जातं, ते फक्त कबूल करत नाहीत.)

घरच्यांना पासवर्ड सांगायचा की नाही, यावर आमच्यात जोरदार भांडण झालं. शेवटी ठरलं की तो ज्याच्या त्याच्या घरचा नियम. त्यावर यमक केलं नाही.

मंगळवार: कुलूप कसलं लावलंय?

2009 साली रॉकयू नावाच्या कंपनीचे 3 कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. त्यांत सगळ्यांत जास्त वेळा सापडलेला पासवर्ड ओळखा पाहू.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा;
चोर म्हणाला, "दार उघडंच, पहा!"

नाव आणि जन्मसाल, झाला म्हणे पासवर्ड!
वाढदिवसाच्या स्टोरीनंच वाटलं त्याचं कार्ड.

एकच किल्ली सगळीकडे, सोय वाटते भारी;
एक घर फुटलं की फुटतात घरं सारी.

चार शब्द असे घे, ज्यांचा ना मेळ;
उंदीर, शिडी, ढग, शिट्टी, चोराचा जाईल वेळ.

उंदीर-शिडी-ढग-शिट्टी आता भिंतीवर लागलंय, तेव्हा तेच ठेवू नका. आपले चार शब्द आपण शोधा. लांबीचा फायदा का होतो, हे गणिताच्या तासाला करून पाहिलं. 4 आकडी पिनच्या शक्यता फक्त 10,000. इंग्रजीतली 6 छोटी अक्षरं घेतली तर सुमारे 31 कोटी. आकडा मोठा वाटतो, पण कॉम्प्युटरला तो किरकोळ आहे. प्रत्येक वाढीव अक्षर त्या आकड्याला 26 ने गुणतं, म्हणून लांब पासवर्ड कॉम्प्युटरला दमवतो.

पासवर्डला जोड दे रे दुसरी एक कडी;
टू-स्टेप चालू असलं की चोराची अडते गाडी.

बुधवार: फक्त एक कोड

"चुकून आला कोड तुझ्याकडं, पाठव ना रे पटकन!"
चुकून नाही, ठरवून आला. अकाउंट जाईल झटकन.

हे कसं चालतं ते समजलं की यमकाचीही गरज नाही. समोरचा स्वतःच्या फोनवर तुमचा नंबर टाकून लॉगिन करायला बसलेला असतो. ॲप विचारतं, "खरंच तुम्हीच ना?" आणि कोड तुमच्याकडे पाठवतं. तो त्याला दिला, की "हो, हाच मी" असं तुम्हीच त्याच्या वतीनं सांगितलं. गंमत म्हणजे ही मागणी बहुतेकदा मैत्रिणीच्या नावानं येते, कारण तिचं अकाउंट कालच असंच गेलेलं असतं.

नाव तिचं, फोटो तिचा, मेसेज मात्र कुणाचा?
फोन लाव नि प्रश्न विचार दोघींतल्या खुणेचा.

गुरुवार: सवाल-जवाब

एकानं अनोळखी व्हायचं, बाकी वर्गानं एका सुरात उत्तर द्यायचं. अनोळखी झालेल्यानं आवाज गोड ठेवा. राक्षसासारखं बोलू नका, खरे लोक तसे बोलत नाहीत.

"काय भारी खेळतोस रे! शाळा तुझी कुठली?"
*गेम चालू होता ना? मग शाळा कुठून उपटली?*

"मीही आहे पंधराचाच, फोटो बघ ना ताजा!"
*नेटवरचा कुणाचाही फोटो म्हणशील "माझा"!*

"घे ना कॉइन्स, घे ना स्किन, परत नको काही!"
*गळाला जो किडा लावतो, तो माशांचा मित्र नाही.*

"इथं नको, गर्दी फार, दुसऱ्या ॲपवर ये."
*चारचौघांत बोलता येईना, असं काय आहे रे?*

"घरच्यांना हे सांगू नको, गुपित आपलं दोघांचं!"
*बरं झालं बोललास, काम झालं स्क्रीनशॉटचं!*

"एकच फोटो पाठव ना, लगेच करतो डिलीट."
*डिलीट कसलं? ब्लॉक घे, आणि चालू लाग नीट!*

क्रम चुकवू नका. आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. ब्लॉक केल्यावर किंवा त्यानं मेसेज पुसल्यावर दाखवायला हातात काही उरेलच असं नाही. मात्र तुमचा स्वतःचा खाजगी फोटो पुरावा म्हणून कुणाला पाठवत बसू नका. धमकीचा मेसेज आणि समोरच्याचं प्रोफाइल पुरे.

शुक्रवार

एकच जोडी, कारण शुक्रवारी परिपाठ छोटा असतो.

बॅज दिसतो, पाटी दिसते, दिसतो बसचा नंबर;
सेल्फीत तू अर्धाच आणि पत्ता टक्के शंभर!

शनिवार: हे हळू आवाजात

यावर टाळ्या नकोत. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्या मसुद्यात इथं "आम्ही सांगितलं होतं ना" अशा थाटाच्या ओळी होत्या. आमच्यातल्या एकीनं त्या खोडल्या. ती म्हणाली, "ज्याच्यावर वेळ आली आहे, तोही याच रांगेत उभा असेल."

फोटो गेला, धमकी आली, झोप उडून गेली;
ऐक आधी, ही लबाडी तू नाही केली.

एकदा दिलं की थांबेल म्हणतो, थांबत नाही कधी;
पैसे नको, फोटो नको. माणूस गाठ आधी.

आई, मामा, ताई, सर, कोणीही एक चालेल;
पहिलं वाक्य सुचलं नाही तर हा कागद बोलेल.

18 वर्षांखालच्या मुलामुलींचे असे फोटो पसरू नयेत म्हणून `takeitdown.ncmec.org` ही मोफत सेवा 2023 पासून आहे. तिथं फोटो पाठवावा लागत नाही. तो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. सहभागी ॲप आणि साइट त्या ठशावरून फोटो ओळखून काढून टाकू शकतात. नाव सांगायची सक्ती नाही. सगळ्याच साइट यात नाहीत, म्हणून ही सेवा वापरली तरी मोठ्या माणसाला सांगणं सोडू नका.

आणि कागद म्हणजे खरंच कागद. वाचनालयाच्या दाराआड, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, छोट्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टांगला आहे. प्रत्येकीवर एवढंच छापलंय:

*माझ्याबरोबर ऑनलाइन काहीतरी वाईट घडलंय. मला बोलता येत नाहीये. आत्ता रागावू नका, फोन काढून घेऊ नका. आधी माझ्याजवळ बसा.*

एक फाडायची आणि ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्या हातात द्यायची. गठ्ठ्यात किती उरल्या, हे कुणी मोजत नाही.