मिनिटांच्या यादीचे दिवस-तास-मिनिटे: स्थलांतराच्या वेळापत्रकासोबतची टीप

तुम्ही पाठवलेल्या यादीतली सगळी कामं एकूण मिनिटांत आहेत. हिशेबाला ते सोयीचं असलं तरी आढावा बैठकीत "२,९१५ मिनिटे" वाचून कोणालाच काही अंदाज येत नाही. म्हणून शीटमध्ये E हा नवा कॉलम टाकला आहे. त्यात प्रत्येक कामाचा कालावधी वाचता येईल असा मजकूर म्हणून येतो. C कॉलममधली तुमची मूळ मिनिटं जशीच्या तशी ठेवली आहेत, ती कृपया पुसू नका. बेरीज, क्रमवारी आणि आलेख यांसाठी C, आणि E फक्त वाचण्यासाठी.

आता मुख्य मुद्दा, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. दिवस म्हणजे किती मिनिटं? घड्याळाचा दिवस १,४४० मिनिटांचा, तर आपल्या कामाचा दिवस ८ तासांचा, म्हणजे ४८० मिनिटांचा. यादीतलं पहिलंच काम १,४४० मिनिटांचं आहे. घड्याळाने मोजलं तर तो एक दिवस होतो, पण माणसांनी करायचं काम म्हणून ते तीन दिवसांचं आहे. सूत्र दोन्ही वेळा बिनचूक चालतं, कुठेही लाल खूण येत नाही, आणि वेळापत्रक मात्र तिपटीने चुकतं.

बरं, संपूर्ण यादीला एकच आकडा लावूनही भागत नाही. डेटा हलवण्याची स्क्रिप्ट रात्रंदिवस चालणार आहे, तिला जेवणाची सुट्टी नाही. म्हणून भाजक सूत्रात न कोंबता D कॉलममध्ये प्रत्येक ओळीसमोर लिहिला आहे: माणसांच्या कामाला ४८०, यंत्रावर सलग चालणाऱ्या कामाला १,४४०. शीट आता अशी दिसते:

```
   A काम                      C मिनिटे  D दिवस=  E कालावधी
2  गरजांची नोंद व मंजुरी          1440     480    3 दिवस
3  जुन्या नोंदींची साफसफाई        2915     480    6 दिवस 35 मिनिटे
4  चाचणी सर्व्हरची मांडणी          750     480    1 दिवस 4 तास 30 मिनिटे
5  डेटा नव्या सर्व्हरवर हलवणे     3130    1440    2 दिवस 4 तास 10 मिनिटे
6  वापरकर्त्यांची चाचणी           4801     480    10 दिवस 1 मिनिट
7  प्रशिक्षण                       95     480    1 तास 35 मिनिटे
8  अंतिम आढावा बैठक                45     480    45 मिनिटे
9  जुनी यंत्रणा बंद                 0     480    0 मिनिटे
```

पाचवी ओळ मुद्दाम पाहा. तिथे चुकून ४८० पडलं तर मजकूर "6 दिवस 4 तास 10 मिनिटे" असा होतो. तास आणि मिनिटं तीच राहतात, फक्त दिवस बदलतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला संशयही येत नाही. D कॉलम लपवू नका असं म्हणतोय ते याचसाठी.

E2 मध्ये हे सूत्र आहे, खालपर्यंत ओढलेलं:

```
=IF(C2="","",LET(n,ROUND(C2,0),p,D2,x,ABS(n),
dd,INT(x/p),rest,MOD(x,p),
hh,INT(rest/60),mm,MOD(rest,60),
txt,TRIM(IF(dd,dd&" दिवस ","")&IF(hh,hh&" तास ","")
&IF(mm,mm&IF(mm=1," मिनिट"," मिनिटे"),"")),
IF(x=0,"0 मिनिटे",IF(n<0,"उणे ","")&txt)))
```

तिसऱ्या ओळीवर हाताने करून बघू. २,९१५ ला ४८० ने भागलं की पूर्ण भाग ६, म्हणजे ६ दिवस. ६ × ४८० = २,८८०, बाकी ३५. पस्तीसमध्ये पूर्ण तास नाही, म्हणून तासाचा तुकडा गाळला जातो आणि उरतात ३५ मिनिटं. शून्य असलेला तुकडा छापायचा नाही हे मी मुद्दाम ठरवलं. "6 दिवस 0 तास 35 मिनिटे" वाचताना उगाच अडखळायला होतं. नववी ओळ मात्र टप्पा आहे, तिथे कालावधीच शून्य. ती जागा रिकामी दिसली तर कोणीतरी "इथे भरायचं राहिलंय" म्हणून फोन करणार, म्हणून तिथे "0 मिनिटे" स्पष्ट येतं.

`rest` च्या जागी नुसतं `r` लिहायचा मोह होईल, पण एक्सेल ते नाव स्वीकारत नाही. `R` आणि `C` ही अक्षरं त्याने ओळ आणि कॉलमसाठी राखून ठेवली आहेत. `LET` एक्सेल २०२१ पासून पुढे आणि ३६५ मध्ये चालतं, गूगल शीट्समध्येही आहे. कोणाकडे जुनी आवृत्ती असेल तर हे साधं सूत्र पुरतं, फक्त शून्याचे तुकडेही छापले जातील:

```
=INT(C2/D2)&" दिवस "&INT(MOD(C2,D2)/60)&" तास "&MOD(MOD(C2,D2),60)&" मिनिटे"
```

शेवटचा दुहेरी `MOD` पाहून काही जण तो `MOD(C2,60)` असा आटोपशीर करतात. ४८० ला ६० ने पूर्ण भाग जातो, म्हणून आपल्याकडे तो खपून जाईल. पण उद्या कामाचा दिवस साडेसात तासांचा, म्हणजे ४५० मिनिटांचा धरला, तर नेमक्या ४५० मिनिटांच्या कामाला "1 दिवस 0 तास 30 मिनिटे" असं उत्तर येईल. अर्धा तास हवेतून पैदा! आधी दिवस काढायचे, मग उरलेल्या बाकीतूनच तास आणि मिनिटं.

`TEXT` वापरून एका ओळीत का नाही उरकलं, हे विचारलं जाणारच. मिनिटांना १,४४० ने भागून `d` हा फॉरमॅट लावायचा हा उपाय बराच प्रचलित आहे. त्यात दोन अडचणी. एक तर त्यात दिवस कायम २४ तासांचा असतो, आपल्या ४८० ला तिथे जागाच नाही. दुसरी अधिक वाईट: `d` दिवस मोजत नाही, ती कॅलेंडरमधली तारीख असते. एक्सेलमध्ये ३१ पर्यंत सगळं सुरळीत दिसतं, आणि ४६,०८० मिनिटं, म्हणजे बरोबर ३२ दिवस झाले, की उत्तर येतं १. कारण बत्तीसावा दिवस म्हणजे १ फेब्रुवारी. गूगल शीट्समध्ये मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून सुरू होते, त्यामुळे तिथे एका दिवसाचं उत्तर थेट ३१ येतं. नुसते एकूण तास हवे असतील तर `[h]:mm` हा फॉरमॅट उत्तम आहे, चौकटी कंसामुळे तास २४ वर अडत नाहीत. पण दिवसांसाठी तो मार्ग नको.

`ROUND` सुरुवातीलाच का, तेही सांगतो. काही कालावधी तासांच्या दशांशातून येतात. समजा गुणाकार करून ११९.६ मिनिटं आली. आधी तास काढले तर १, उरली ५९.६, ती शेवटी पूर्णांकात आणली की शीटवर "1 तास 60 मिनिटे" झळकतं. आधीच १२० केलं की "2 तास".

ऋण आकड्यांची सोय शिल्लक वेळेच्या कॉलमसाठी आहे, कारण एखादं काम मुदतीपुढे गेलं की तिथे -९० सारखा आकडा येतो. `INT` ऋण संख्येला खाली ढकलतं, त्यामुळे `ABS` नसतं तर -९० चे "-1 दिवस 6 तास 30 मिनिटे" झाले असते. गणिताने ते खरंही आहे, पण वाचणाऱ्याने काय बोध घ्यावा! आता "उणे 1 तास 30 मिनिटे" असं येतं.

तुमच्या यादीत एक गोष्ट दुरुस्त करावी लागली. सातव्या ओळीतला ९५ हा आकडा नव्हता, आकड्यासारखा दिसणारा मजकूर होता. दुसऱ्या प्रणालीतून उतरवलेल्या यादीत हे नेहमी होतं. गंमत अशी की E कॉलमचं सूत्र असा मजकूर निमूटपणे आकडा मानून घेतं, म्हणून ती ओळ बरोबर दिसते. बेरीज मात्र त्याला वगळते, तेही न सांगता. माणसांच्या कामाची बेरीज अशी:

```
=SUMIF(D2:D9,480,C2:C9)
```

दुरुस्तीआधी इथे ९,९५१ येत होते, म्हणजे "20 दिवस 5 तास 51 मिनिटे". आता १०,०४६ येतात, म्हणजे "20 दिवस 7 तास 26 मिनिटे". यापुढे यादी चिकटवली की `=COUNTA(C2:C9)-COUNT(C2:C9)` पाहा. शून्याशिवाय काहीही आलं तर तितक्या ओळी मजकूर आहेत. "45 मि." असं एकक चिकटून आलं तर मात्र E मध्ये `#VALUE!` येईल आणि D रिकामा राहिला तर `#DIV/0!`. या खुणा `IFERROR` ने झाकलेल्या नाहीत. वेळापत्रकात चूक ओरडलेलीच बरी.

एकूण वेळही याच क्रमाने काढायची: आधी मिनिटांची बेरीज, मग तिचं रूपांतर. E मधले तुकडे वेगवेगळे जोडले तर २० दिवस, ५ तास, १४६ मिनिटं हाती येतात आणि पुन्हा हातचे घेत बसावं लागतं. स्क्रिप्टची ३,१३० मिनिटं या बेरजेत मुद्दाम नाहीत, कारण दोन वेगळ्या लांबीचे दिवस एका आकड्यात मिसळता येत नाहीत. आणि हे २० दिवस म्हणजे प्रकल्पाची लांबी नव्हे, ते निव्वळ काम आहे. प्रशिक्षण आणि वापरकर्त्यांची चाचणी समांतर चालणार आहेत, तेव्हा शेवटची तारीख कामांच्या परस्परावलंबनातूनच निघेल.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये भरताना E कॉलम नेऊ नका, तो मराठी मजकूर तिथे कालावधी म्हणून घेतला जाणार नाही. त्यासाठी F कॉलममध्ये हे ठेवलं आहे:

```
=ROUND(C2,0)&IF(D2=1440,"em","m")
```

`2915m` म्हणजे कामाची मिनिटं, `3130em` म्हणजे सुट्ट्या आणि रात्री धरून सलग मिनिटं. `m` च्या जागी `mo` पडू देऊ नका, त्याचा अर्थ महिने होतो. भरण्याआधी तिथल्या पर्यायांत दिवसाचे तास ८ आहेत ना ते पाहा. मूळ सेटिंग तेच असतं, पण कोणी बदललं असेल तर तिथले दिवस आणि आपला E कॉलम जुळणार नाहीत. जुळतंय का ते चौथ्या ओळीवर तपासा: ७५० मिनिटं दिवसांत दाखवली की प्रोजेक्टमध्ये १.५६ दिवस दिसायला हवेत.